लेखकाला पत्र : ‘कोसला’ वाचलेल्या वर्गाकडून भालचंद्र नेमाडे यांना

पत्रलेखनाचे दोन प्रकार आपण मुलांना शाळेपासून शिकवतो, औपचारिक आणि अनौपचारिक. औपचारिक म्हणजे मुख्याध्यापकांना विनंती, पुस्तकविक्रेत्याकडे मागणी. अनौपचारिक म्हणजे मित्राचं अभिनंदन नाहीतर मामाला आमंत्रण. या दोन्हींच्या मधे एक पत्र राहून जातं. ज्याला आपण कधी भेटलेलो नाही, पण ज्याचं पुस्तक महिनाभर आपल्या उशाशी होतं, अशा माणसाला लिहायचं पत्र. यात ‘विषय’ लिहिला तर ते अर्जासारखं दिसतं आणि ‘तू कसा आहेस’ म्हणायची तर सोय नाही. म्हणूनच हे पत्र पोरांना अवघड जातं, आणि म्हणूनच ते लिहून घ्यावं असं माझं मत आहे.

बी.ए.च्या वर्गाला आमच्याकडे ‘कोसला’ नेमलेली होती. वर्ग 19 जणांचा, तालुक्याच्या गावचा. कादंबरी शिकवून झाल्यावर लेखकाला पत्र लिहिण्याचा उपक्रम घेतला. एका मुलीच्या पत्राचे तीन खर्डे झाले, तिसरा पोस्टात पडला. ते पत्र कसं घडत गेलं ते इथे मांडतो आहे. पत्र तिच्या परवानगीने देतो आहे, नाव मात्र तिच्याच सांगण्यावरून दिलेलं नाही.

ज्या पालकांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘कोसला’ 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. नेमाडे तेव्हा 25 वर्षांचे होते. कथानायक पांडुरंग सांगवीकरही 25 वर्षांचाच आहे आणि तो स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. खेड्यातल्या खात्यापित्या घरचा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, पुढारीपण करतो, मेसच्या कारभारात अडकतो, वडिलांचे पैसे घालवतो, अभ्यासातून उठतो आणि शेवटी पदवीशिवाय गावी परततो. मधे त्याची धाकटी बहीण देवीच्या आजारात जाते. एवढंच कथानक. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. पुस्तकाला साठ वर्षं होऊन गेली तरी आजही ते विद्यापीठांतून नेमलं जातं आणि आजही निम्मा वर्ग पहिल्या पन्नास पानांत कंटाळतो. हे दुसरं आपण शिक्षक सहसा बोलत नाही.

आता पहिला खर्डा. तो असा सुरू होत होता : आपण मराठीतील थोर साहित्यिक आहात, आपली कादंबरी आम्हाला अभ्यासक्रमात आहे, ती आम्हा सर्वांना फार आवडली, तिच्यातून आम्हाला खूप काही शिकायला मिळालं. मग दीड पान कथानकाचा सारांश. मग ज्ञानपीठ पुरस्काराचा उल्लेख आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. अक्षर सुंदर, शुद्धलेखनाच्या चुका जवळपास नाहीत. परीक्षेत याला चांगले गुण मिळाले असते.

मी मुलीला एकच काम दिलं. पत्रातलं ‘कोसला’ हे नाव आणि पांडुरंगचं नाव बोटाने झाकायचं आणि उरलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही लेखकाला पाठवता येईल का ते बघायचं. सारांश सोडला तर एकही वाक्य असं निघालं नाही की जे फक्त या पुस्तकाबद्दल होतं. आणि सारांश तर पाठवण्यात काही अर्थच नाही, कारण कादंबरीत काय घडतं हे ज्याने लिहिलं त्यालाच सांगून काय होणार? लेखकाला पुस्तक ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतो तो आपला वर्ग. बाकावर बसून ते पुस्तक वाचताना काय झालं, कोण हसलं, कोण गप्प झालं, कुठे भांडण झालं, हे त्याला कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणारच नाही. पत्रात तेच लिहायचं.

‘आम्हा सर्वांना आवडली’ या वाक्याबद्दलही बोलणं झालं. हात वर करायला सांगितले तेव्हा 19 पैकी 11 जणांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं निघालं. पाच जण मधेच थांबले होते आणि तिघांनी फक्त गाईड वाचलं होतं. म्हणजे ‘सर्वांना’ खोटं ठरलं. पत्रात ‘आम्ही’ केव्हा म्हणायचं आणि ‘मी’ केव्हा म्हणायचं, याचा निर्णय प्रत्येक वाक्याला वेगळा घ्यावा लागतो. जे वर्गात सगळ्यांसमोर घडलं ते ‘आम्ही’. जे फक्त आपल्या मनात आलं ते ‘मी’. एक-दोघांचंच म्हणणं असेल तर ‘आमच्यातले काही जण’. व्याकरणाच्या तासाला सर्वनामं शिकवून जे साधत नाही ते इथे दहा मिनिटांत साधलं.

मग वर्गाने मिळून आठवायला घेतलं. ‘काय आवडलं’ हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही, कारण त्याची उत्तरं ठरलेली असतात. ‘कुठल्या पानाला वर्गात काय घडलं’ एवढंच विचारलं. फळ्यावर बरंच आलं, पण त्यातल्या तीनच गोष्टींत जीव होता.

पहिली गोष्ट देवीची. आजच्या विशीतल्या मुलांना ‘देवी’ हा आजार माहीतच नाही. तो भाग वाचताना एकाने विचारलं, देवी म्हणजे अंगात येते ती का? काहींना हसू आलं. मी सांगितलं की देवीचा रोग आपल्या देशातून गेल्याचं 1977 मध्ये जाहीर झालं, त्याआधी गावोगाव लोक त्याने मरत होते, वाचले त्यांच्या तोंडावर वण राहत. दुसऱ्या दिवशी या मुलीने घरून बातमी आणली. तिच्या आजीच्या चेहऱ्यावर जे बारीक खड्डे आहेत ते देवीचे. ती जन्मापासून ते खड्डे बघत होती, आजीचा चेहराच तसा आहे असं धरून चालली होती. विचारलं तेव्हा आजीने सांगितलं, माझ्याबरोबर माझ्या धाकट्या भावालाही आल्या होत्या, तो राहिला नाही. त्या घरात या भावाचं नाव तोवर कुणी काढलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पैशांची. पांडुरंग वडिलांचे पैसे कसे उडवतो ते वाचताना सुरुवातीला पोरं खूश होती. मग एकाने सहज विचारलं की त्या काळी होस्टेलला महिन्याला किती लागत असतील. त्यावरून आजचे हिशेब निघाले. खोलीचं भाडं, डबा, बसचा पास, मोबाईलचा रिचार्ज. कुणाच्या घरून किती येतात आणि ते कशातून येतात, केळीच्या पैशातून, दुधाच्या, की आईच्या बचत गटाच्या कर्जातून. तो तास अभ्यासक्रमाच्या दृष्टीने वाया गेला असं कुणी म्हणेल. त्या तासानंतर पांडुरंगच्या वडिलांकडे बघण्याची वर्गाची नजर बदलली एवढं मात्र खरं.

तिसरी गोष्ट परत येण्याची, आणि ती सगळ्यात नाजूक. वर्गात एक मुलगा इतरांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा आहे. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करायला गेला होता, काही वर्षं अभ्यासिकेत काढून परत आला आणि राहिलेलं बी.ए. पुरं करायला आमच्याकडे बसला. वर्षभर तो कधी बोलला नव्हता. पांडुरंग गावी परततो तो भाग चालू असताना एकाने शेरा मारला, की एवढं शिकून शेवटी गावातच आला, मग उपयोग काय. तेव्हा हा मुलगा बोलला. काय बोलला ते पत्रात येईल.

दुसऱ्या खर्ड्यात या तिन्ही गोष्टी आल्या आणि पत्र एकदम उभं राहिलं. पण त्यात दोन अडचणी निघाल्या. दोन्ही अशा आहेत की त्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या लिखाणात सापडतात.

एक म्हणजे लेखक आणि निवेदक यांची सरमिसळ. तिने लिहिलं होतं, ‘तुमची बहीण गेली तेव्हा तुम्ही जे लिहिलंत...’. ‘कोसला’च्या बाबतीत हा मोह फार होतो, कारण खुणा तशाच आहेत. नेमाडे जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे, पांडुरंगचं आडनाव सांगवीकर. नेमाडे पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले, पांडुरंगही पुण्यातच शिकतो. वय तेवढंच. तरीही पांडुरंग म्हणजे नेमाडे नव्हेत. साधी तुलना करून बघावी. पांडुरंग परीक्षेत हरून घरी बसतो. ज्यांनी त्याला लिहिलं ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, लंडनपासून गोव्यापर्यंत शिकवत राहिले आणि 2014 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. कादंबरीतलं दुःख लेखकाचं स्वतःचं आहे असं गृहीत धरून त्याचं सांत्वन करायला जाणं हे जिवंत माणसाच्या बाबतीत जास्तच अवघड होऊन बसतं. दिवंगत लेखकाबद्दल निबंधात असं लिहिलं तर फक्त गुण जातात. इथे पत्र त्या माणसाच्या हातात पडणार असतं. म्हणून वाक्य बदललं : ‘पांडुरंगची बहीण जाते तो भाग’. एवढ्याने काम होतं.

दुसरी अडचण त्या मुलाची. त्याचं बोलणं तिने नावासकट, गावासकट, किती वर्षं पुण्यात काढली त्या आकड्यासकट लिहिलं होतं. मी म्हटलं, त्याला विचारलंस का? तिला वाटत होतं यात वाईट काय, त्याचं कौतुकच केलंय. पण वर्गात बोललेलं वर्गाचं असतं आणि कागदावर लिहून परगावी पाठवलेलं वेगळं असतं. तिने खर्डा त्याला वाचायला दिला. त्याने तो दोन दिवस ठेवून घेतला. परत केला तेव्हा नाव खोडलं होतं, आकडा खोडला होता आणि घरच्यांबद्दलचं एक वाक्यही खोडलं होतं. बाकीचं ठेवलं. समासात पेन्सिलीने एक शब्द दुरुस्त केला होता : ‘नापास’ होता तिथे ‘निवड झाली नाही’ असं. ती दुरुस्ती तशीच ठेवली, कारण स्पर्धा परीक्षेत तोच शब्द बरोबर आहे.

तिसरा आणि शेवटचा खर्डा असा :

दि. 12 फेब्रुवारी

आदरणीय भालचंद्र नेमाडे सर यांस,
साष्टांग नमस्कार.

मी बी.ए.च्या वर्गात शिकते. आम्हाला यंदा ‘कोसला’ नेमलेली आहे. आमच्या वर्गात 19 जण आहोत, त्यातल्या 11 जणांनी ती पूर्ण वाचली. मीही आधी गाईड वाचलं होतं. गाईडमध्ये पांडुरंगच्या एकटेपणाची कारणं क्रमांक घालून दिली होती, ती पाठ करून मी पुस्तकाकडे गेले आणि पुस्तकात ती तशी क्रमाने सापडेनात, म्हणून मला पुस्तक वाचावं लागलं.

सुरुवातीला आम्ही फक्त हसलो. होस्टेल, मेस, सेक्रेटरी होण्याची हौस हे सगळं आमच्या कॉलेजात पण आहे. काही दिवस आमच्या वर्गात सगळे जण प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालून बोलत होते. इतिहासाच्या मॅडमनी विचारलं की हे काय चाललंय. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्या वेळी पण असंच झालं होतं.

पांडुरंगची बहीण जाते तो भाग आला तेव्हा देवी हा रोग काय असतो ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. सरांनी सांगितल्यावर मी घरी जाऊन आजीकडे बघितलं. तिच्या गालावर वण आहेत. मी वीस वर्षं तिच्याजवळ झोपत आले, पण ते कशाचे आहेत ते कधी विचारलं नव्हतं. आजीने सांगितलं की ती सात-आठ वर्षांची असताना तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकाच आठवड्यात देवी आल्या. ती वाचली. भाऊ वाचला नाही. तिच्या आईने नंतर त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही, म्हणून तीही घेत नव्हती. मी तिला तुमच्या पुस्तकातला तो भाग वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. ती मधे काही बोलली नाही. मी थांबले तेव्हा म्हणाली, याला रडू उशिरा आलं पण आलं. मग तिने मला तिच्या भावाचं नाव सांगितलं. आता आमच्या घरात ते नाव घेतात.

माझ्या वडिलांनी विचारलं की कसलं पुस्तक आहे. मी सांगितलं की एक मुलगा बापाचे पैसे घालवतो आणि घरी परत येतो त्याचं. ते म्हणाले, हे असलं शिकवतात का तुम्हाला. पण वर्गात आम्ही एक दिवस आमच्या सगळ्यांच्या खर्चाचा हिशेब केला, खोली, डबा, पास, सगळं. मला माझा आकडा पहिल्यांदाच कळला. तो आकडा कळल्यावर पांडुरंगच्या वडिलांवरचा माझा राग कमी झाला. पांडुरंगवरचा मात्र वाढला, आणि तरी तो मला आवडतो. असं का होतं ते मला लिहिता येत नाही.

आमच्या वर्गात एक जण आमच्यापेक्षा मोठा आहे. तो स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहिला होता, निवड झाली नाही म्हणून परत आला. हे मी त्याला विचारून लिहिते आहे. पांडुरंग गावी येतो त्या भागावर एकाने म्हटलं की शेवटी गावातच यायचं होतं तर गेला कशाला. तेव्हा तो म्हणाला की परत येणं हे जाण्यापेक्षा अवघड आहे, कारण जाताना सगळे स्टँडवर सोडायला येतात आणि येताना आपण मुद्दाम रात्रीची गाडी पकडतो. वर्गात कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून तो आमच्यात बसतो. शेवटचं प्रकरण त्यानेच वाचून दाखवलं.

एक गोष्ट आम्हा मुलींना पटली नाही, ती लिहू का? पुस्तकात मुली फार थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्या पांडुरंगला दिसतात तेवढ्याच आहेत. आमच्यातली एक म्हणाली की तो सांगतोय म्हणजे असंच असणार, त्याला दिसलं तेवढंच तो सांगेल. ते खरं आहे. पण पांडुरंगला पुण्याला जाऊन वाया जाता आलं. मी पुण्याला गेले असते आणि एका वर्षात पैसे घालवले असते तर मला दुसरं वर्ष मिळालं नसतं, लग्न झालं असतं. म्हणून तो कंटाळतो तेव्हा मला कधी कधी त्याचा हेवा वाटला. हे तुमच्या पुस्तकाविरुद्ध नाही, पण वाचताना वाटलं ते लिहिलं.

आमची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. प्रश्न बहुतेक पांडुरंगच्या स्वभावावर येईल. त्याचं उत्तर मला येतं. या पत्रातलं काही त्यात लिहिता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आजीने नमस्कार सांगितला आहे.

आपली विद्यार्थिनी

पत्र संपलं. आता शिक्षकांसाठी चार गोष्टी.

मायन्याबद्दल वर्गात वाद झाला. ‘प्रति’ आणि ‘विषय’ ठेवावा असं काहींचं म्हणणं होतं, कारण ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला लिहितो आहोत. पण ‘विषय : आपल्या कादंबरीबद्दल’ असं लिहिल्यावर खालचं आजीचं पत्र तक्रार अर्जासारखं दिसू लागलं. शेवटी ‘आदरणीय’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहायचा जुना मायना घेतला, आणि संबोधन ‘सर’ ठेवलं, कारण नेमाडे आयुष्यभर शिकवत होते आणि शिकवणाऱ्याला आमची मुलं दुसरं काही म्हणत नाहीत. ‘थोर साहित्यिक’, ‘सारस्वत’, ‘शब्दप्रभू’ ही विशेषणं सगळी काढली. ‘कोसला’ वाचलेल्या माणसाने त्याच पुस्तकाच्या लेखकाला ‘थोर’ म्हणणं हे तसंही जरा धोक्याचंच आहे.

मुलींना न पटलेल्या गोष्टीचा परिच्छेद ठेवावा की काढावा, यावर स्टाफरूममध्ये माझ्या सहकाऱ्यांनी शंका घेतली. इतक्या मोठ्या लेखकाला विशीतल्या मुलीने असं लिहावं का? मला वाटतं तो परिच्छेद नसता तर बाकीच्या पत्रावर विश्वास बसला नसता. मात्र त्याची मांडणी बघावी. तिने ‘तुम्ही स्त्रियांवर अन्याय केला’ असं लिहिलं नाही. निवेदक प्रथमपुरुषी आहे, म्हणून त्याला दिसेल तेवढंच येणार, ही रचनेची बाजू आधी मान्य केली आणि मग स्वतःला काय वाटलं ते सांगितलं. टीका करताना आधी समोरच्याच्या पुस्तकाची अट समजून घ्यायची, हे आपण समीक्षेच्या पेपरात शिकवतो. तिथे ते मुलांना अवघड जातं. इथे तिला ते जमलं, कारण उत्तर एका खऱ्या माणसाला द्यायचं होतं.

पत्रात काय नाही तेही बघण्यासारखं आहे. ‘तुम्हाला ही कादंबरी कशी सुचली’ हा प्रश्न नाही. पहिल्या खर्ड्यात होता. तो मी काढायला लावला, कारण त्याची उत्तरं मुलाखतींतून छापून आलेली असतात आणि ज्याचं उत्तर आपण ग्रंथालयात जाऊन शोधू शकतो तो प्रश्न पत्रात विचारणं म्हणजे दुसऱ्याचा वेळ घेणं. कॉलेजात व्याख्यानाला यावं अशी विनंती नाही, सही केलेली प्रत मागितलेली नाही. कौतुकाच्या पत्राच्या शेवटी मागणी आली की आधीचं सगळं कौतुक तिच्यासाठीच होतं असं वाटू लागतं. ज्यांना मागणी करायची आहे त्यांनी वेगळं औपचारिक पत्र लिहावं, तिथे ‘विषय’ अगदी शोभून दिसतो.

तुमच्या वर्गात करून बघायचं असेल तर पुस्तक संपल्यावर लगेच पत्र लिहायला लावू नका. आम्ही मधे दहा-बारा दिवस जाऊ दिले. जे लगेच आठवतं ते बहुतेक गाईडमधलं असतं. दहा दिवसांनी जे शिल्लक राहतं ते त्या मुलाचं स्वतःचं असतं. शाळेत आठवी-नववीला हे करायचं तर पूर्ण कादंबरीची गरज नाही, पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या हयात लेखकाच्या धड्यावरही होतं. फक्त लेखक हयात आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी. पुस्तकाच्या मागच्या परिचयात फक्त जन्मसाल छापलेलं असतं आणि ती आवृत्ती जुनी असते.

पत्ता शोधण्याच्या बाबतीत पालकांना एक विनंती. लेखकाचा घरचा पत्ता किंवा फोन नंबर ओळखीतून मिळवून मुलांच्या हातात देऊ नये, मिळत असला तरी. पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवावं, पाकिटावर लेखकाचं पूर्ण नाव लिहून त्याखाली ‘द्वारा’ आणि प्रकाशनाचं नाव, पत्ता. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेला असतो. प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते बघायला हवं. आमच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रतीवर आधीच्या प्रकाशकाचं नाव होतं, सध्याच्या प्रतीवर मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाचं आहे. पत्र आंतर्देशीयावर मावणारं नव्हतं, म्हणून फुलस्केपचे दोन कागद पाठपोट लिहून पाकिटात घातले. आत उत्तरासाठी तिकीट लावलेलं आणि कॉलेजचा पत्ता घातलेलं पाकीट ठेवायचं का, यावर मुलीने नाही म्हटलं. तिच्या मते तेही एक प्रकारचं मागणंच झालं असतं. पाठवण्याआधी पत्राची झेरॉक्स काढली. एक विभागाच्या फाइलला लावली आणि एक तिने आजीसाठी घरी नेली.